‘सर, काही अपडेट?’ याऐवजी काय लिहायचं? कोटेशननंतरच्या पाठपुराव्याचा मेल

जून महिना होता. भोसरीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात सेल्सला नवीन लागलेल्या मुलाने मोबाइल माझ्यापुढे धरला. म्हणाला, “ताई, हे सर मेसेज वाचतात, पण उत्तरच देत नाहीत.” चाकणच्या एका कारखान्यातल्या परचेस अधिकाऱ्यांना त्याने ११ जूनला कोटेशन पाठवलं होतं. त्यानंतरचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज असे होते:

> १४ जून: गुड मॉर्निंग सर 🙏 कोटेशन पाहिलं का?
> १६ जून: सर, काही अपडेट?
> १९ जून: सर, प्लीज रिप्लाय द्या. वाट बघतोय.
> २३ जून: सर, हा रेट फक्त ३० तारखेपर्यंत आहे. लवकर कन्फर्म करा.

मुलगा मेहनती आहे आणि यातला एकही मेसेज उद्धटपणे लिहिलेला नाही. तरी चारही मेसेज मिळून समोरच्याला घेराव घातल्यासारखं होतं. हे मेसेज आम्ही दोघांनी बसून एका मेलमध्ये कसे बदलले, ते इथे टप्प्याटप्प्याने सांगते. नव्याने सेल्समध्ये आलेल्यांना ते आपापल्या मालाला लावून बघता येईल.

आधी थोडं मालाविषयी. आम्ही व्हीसीआय बॅग विकतो. मशिनिंग झालेल्या लोखंडी पार्टला गंज चढू नये म्हणून वापरायच्या या प्लॅस्टिकच्या पिशव्या. पिशवीतल्या रसायनाची वाफ बंद जागेत पसरते, धातूवर तिचा अतिशय पातळ थर बसतो आणि हवेतल्या ओलाव्याचा परिणाम रोखला जातो. या कारखान्यात बिडाच्या हाउसिंगवर मशिनिंग होतं. आतापर्यंत ते तेल लावून साध्या पिशवीत पॅक करत. पावसाळ्यात ग्राहकाकडे पोहोचेपर्यंत काही पार्टवर गंजाचे ठिपके दिसत, अशी त्यांची तक्रार होती. आम्ही ट्रायलसाठी २० पिशव्या देऊन आलो होतो.

गाडं कुठे अडलंय ते आधी शोधा

मी मुलाला विचारलं, “भेटीत सरांचं शेवटचं वाक्य काय होतं?” त्याने डायरी काढली. नशीब, लिहून ठेवलं होतं: “क्वालिटीने ट्रायल घेऊन ओके दिलं की मग दराचं बोलू.”

म्हणजे सरांकडे द्यायला उत्तरच नव्हतं. ट्रायल क्वालिटीकडे होती. ‘काही अपडेट?’ असं विचारलं की सरांना एक तर क्वालिटीच्या मागे लागायचं, नाही तर ‘अजून काही झालं नाही’ असं बाहेरच्या माणसाला सांगायचं. दोन्ही नकोसंच. मग माणूस मेसेज वाचतो आणि बाजूला ठेवतो. आपल्याला वाटतं, आपल्याला टाळताहेत.

कोटेशन गेल्यावर कारखान्यात बरंच काही घडायचं असतं. वापरणाऱ्या विभागाची मागणी लागते, ट्रायल लागते, दोन-तीन पुरवठादारांच्या दरांची तुलना होते आणि तुम्ही नवे असाल तर व्हेंडर कोड उघडावा लागतो. यातल्या कुठल्या पायरीवर गाडं अडलंय हे माहीत नसताना लिहिलेला कुठलाही मेल मागे लागल्यासारखाच वाटतो. म्हणून लिहायच्या आधी कागदावर तीन ओळी लिहा. ग्राहकाचं शेवटचं वाक्य, त्याच्याच शब्दांत. पुढची पायरी कोणाच्या हातात आहे. आणि त्यांना उपयोगी पडेल असं, कोटेशनमध्ये नसलेलं, माझ्याकडे काय आहे.

तिसरी ओळ रिकामी राहिली तर त्या दिवशी मेल लिहू नका. सगळ्यात जास्त वेळ या ओळीला द्या, कारण मेलमधली मन वळवण्याची ताकद इथूनच येते. आमच्या मुलाला सुरुवातीला काही सुचेना. म्हणाला, “डिस्काउंट देऊ का?” मी नको म्हटलं. न मागता दर उतरवला की पहिला दर फुगवलेला होता असं दिसतं, आणि दराचा विषय तर अजून निघालेलाच नव्हता. मी विचारलं, “कारखान्यात फिरताना काय पाहिलंस?” तो म्हणाला, “वॉशिंग मशिनमधून पार्ट बाहेर आले की लगेच पिशवीत भरतात. हाताला गरम लागत होते.”

हीच तिसरी ओळ. गरम पार्ट पिशवीत बंद केला की थंड होताना पिशवीतल्या हवेतली आर्द्रता आतच दवासारखी जमते. असं झालं तर आमची पिशवीसुद्धा पूर्ण काम करणार नाही आणि ट्रायल विनाकारण फसेल. पार्ट खोलीच्या तापमानाला येऊ दिला, पूर्ण कोरडा केला आणि उघड्या हाताने न धरता हातमोजे घालून भरला, तर फरक पडतो. ही गोष्ट त्यांना आमच्याकडून माल न घेताही उपयोगी पडणार होती. माझ्या मते पाठपुराव्याच्या मेलमध्ये घालायची गोष्ट अशीच असावी: ग्राहकाने तुम्हाला नकार दिला तरी तिचा उपयोग त्याच्याकडेच राहील अशी.

व्हॉट्सअ‍ॅप की मेल?

पुण्यात परचेसची बरीचशी बोलणी व्हॉट्सअ‍ॅपवर चालतात, हे खरं आहे. ग्राहक तिथे विचारत असेल तर तिथेच उत्तर द्या. पण निर्णयाची गोष्ट मेलवर लिहा, कारण मेल पुढे पाठवता येतो. आमच्या बाबतीत सर तो क्वालिटीकडे पाठवणार होते. क्वालिटीच्या माणसाने आम्हाला पाहिलेलंही नव्हतं. तेव्हा आगापिछा माहीत नसलेल्यालाही कळेल असा मेल लिहायचा. ‘आपल्या चर्चेप्रमाणे’ एवढंच लिहून भागत नाही. कोणती चर्चा, कोणता पार्ट, किती पिशव्या, हे त्यातच हवं.

नवा मेल सुरू करू नका. कोटेशनच्याच मेलला रिप्लाय करा, म्हणजे खाली दर आणि तपशील आपोआप राहतात आणि त्यांना शोधाशोध करावी लागत नाही. विषयाच्या ओळीत ‘रिमाइंडर’ किंवा ‘अर्जंट’ घालू नका. घाई तुम्हाला आहे, त्यांना नाही.

कोणत्या दिवशी पाठवायचा

मुलाचा तिसरा मेसेज १९ जूनला गेला होता. तो गुरुवार. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि रविवारी काम चालू असतं. म्हणजे सर घरी असताना त्यांना ‘प्लीज रिप्लाय द्या’ मिळालं. सगळ्यांचीच सुट्टी गुरुवारी नसते, म्हणून पहिल्या भेटीतच विचारून डायरीत लिहून ठेवा.

महिन्याचे शेवटचे चार-पाच दिवस डिस्पॅचची धावपळ असते. मार्चअखेरीला स्टॉक मोजणीही असते. त्या दिवसांत तुमचा मेल वाचला गेला तरी त्यावर काही होणार नाही. दिवसातली वेळ म्हणाल तर सकाळच्या मीटिंग उरकल्यावर, अकराच्या सुमारास, मला बरी वाटते. अंतराचं म्हणाल तर कोटेशननंतर पहिला मेल साधारण एका आठवड्याने, दुसरा त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, तिसरा आणखी तीन आठवड्यांनी, आणि मग थांबणं. हा माझा अंदाज आहे, नियम नाही. ग्राहकाने स्वतः तारीख दिली असेल तर मात्र तीच खरी, तिच्या आधी एक दिवसही नाही.

पहिला खर्डा आणि त्यातल्या चुका

मी मुलाला म्हटलं, तुझ्या मनाने मेल लिही. त्याने लिहिलं:

> आदरणीय सर,
> आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व. दि. ११ जून रोजी पाठवलेल्या कोटेशनबाबत अद्याप आपल्याकडून उत्तर प्राप्त झालेले नाही. आपण कामात व्यस्त असाल हे मी समजू शकतो. आमच्या बॅग उत्कृष्ट दर्जाच्या असून अनेक नामांकित कंपन्या त्या वापरतात. तरी तुम्ही लवकरात लवकर ऑर्डर कन्फर्म करावी ही नम्र विनंती. सदर दर ३० जूनपर्यंतच वैध आहे.

वरवर पाहता हे सभ्य आहे, म्हणूनच एकेक ओळ पाहू.

‘अद्याप उत्तर प्राप्त झालेले नाही’ ही बँकेच्या नोटिशीची भाषा आहे. तिच्यात समोरच्याची चूक मोजलेली असते. ‘मी आधीही दोनदा मेल केला आहे’ हे तिचंच भावंड. ‘आपण व्यस्त असाल हे मी समजू शकतो’ हे वाचताना टोमण्यासारखं लागतं, लिहिणाऱ्याच्या मनात तसं काही नसलं तरी. ‘अमूल्य वेळ’ आणि ‘क्षमस्व’ यांनी उलटी अडचण होते. अति वाकलेल्या माणसाला नाही म्हणणं अवघड जातं, म्हणून लोक उत्तरच देत नाहीत. मला हासुद्धा दबावच वाटतो.

‘नामांकित कंपन्या’ या ओळीने काहीच सिद्ध होत नाही. नाव सांगता येत नसेल तर ती ओळ काढून टाका.

मेलमध्ये आधी ‘आपण’ आहे आणि मग ‘तुम्ही’. दोन्ही चालतात, पण एक ठरवा. पुण्यातल्या औपचारिक पहिल्या मेलला मी ‘आपण’ वापरते. भेट झाली, चहा झाला की ‘तुम्ही’ जास्त सरळ वाटतं, आणि ‘तुम्ही’त आदर कमी नसतो. दर वाक्यात ‘सर’ घालायचीही गरज नाही, सुरुवातीला एकदा पुरे.

आता क्रियापदं. ‘कन्फर्म करावी’, ‘कळवावे’ यांच्यापुढे ‘नम्र विनंती’ जोडली तरी ती हुकमासारखी वाटतात. ‘कळवा’ मोकळं आहे, पण अनोळखी माणसाला थोडं थेट. ‘कळवलंत तर मला पुढचं ठरवता येईल’ या वाक्यात समोरच्याला जागा राहते आणि आपण का विचारतोय तेही कळतं. मेल मोठ्याने वाचून पाहा. आपल्याला न ओळखणाऱ्या, वयाने मोठ्या माणसाच्या तोंडावर जे वाक्य बोलवणार नाही, ते लिहूही नका.

राहिली ३० जूनची मुदत. मी कोटेशन उघडून पाहिलं. त्यावर १० जुलैपर्यंत दर वैध असं छापलेलं होतं. ३० तारीख मुलाने घाई व्हावी म्हणून घातली होती. त्याच्यावर मी चिडले नाही, कारण त्याला आधीच्या नोकरीत तसंच शिकवलं होतं. पण ग्राहकाकडे छापील कागद आहे, आणि १ जुलैला आपण जुन्याच दराने माल देणार हेही त्याला माहीत आहे. खोटी मुदत एकदा उघडी पडली की पुढच्या खऱ्या मुदतीलाही कोणी विचारत नाही. प्लॅस्टिकच्या कच्च्या मालाचा भाव खरोखर वर-खाली होतो. तेव्हा मुदत लिहायची तर छापलेलीच, कारणासकट, आणि मेलच्या शेवटी एकदाच.

दुसरा खर्डा

मंगळवारी, २४ जूनला सकाळी अकरा वाजता हा मेल गेला:

> विषय: व्हीसीआय बॅग ट्रायल (बिडाचं हाउसिंग): पॅकिंगआधी पार्ट थंड करण्याबाबत
>
> नमस्कार सर,
>
> १० जूनच्या भेटीत तुम्ही सांगितलं होतं की क्वालिटीने ट्रायल घेऊन ओके दिल्यावर दराचं बोलू. त्यासाठी आम्ही २० बॅग देऊन आलो होतो.
>
> त्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली, ती तेव्हाच सांगायला हवी होती. वॉशिंगनंतर पार्ट गरम असतानाच पॅक होत होते. तसं झाल्यास थंड होताना पिशवीच्या आत ओलावा जमतो आणि कोणतीही पिशवी वापरली तरी ठिपके येऊ शकतात. पार्ट खोलीच्या तापमानाला आल्यावर, कोरडा करून आणि हातमोजे घालून भरला तर हे टळतं. ट्रायलमध्ये १० पार्ट आमच्या पिशवीत आणि १० नेहमीच्या पद्धतीने, पण सगळे थंड करून ठेवले, तर तुलना नीट होईल.
>
> ट्रायल सुरू झाली आहे का, एवढं कळवलंत तर मला पुढचं ठरवता येईल. ‘झाली’, ‘अजून नाही’ किंवा ‘सध्या नको’ इतकं उत्तरही पुरेसं आहे.
>
> कोटेशन खाली आहेच. कच्च्या मालाचा भाव बदलत असल्याने त्यातला दर १० जुलैपर्यंतचा आहे.

या मेलमध्ये प्रश्न एकच आहे आणि तो ऑर्डरचा नाही, अडलेल्या पायरीचा आहे. उत्तर एका शब्दात देता येतं. ‘सध्या नको’ हा शब्द आपणच त्यांच्या हातात दिला आहे. मुलाला त्याची भीती वाटली. म्हणाला, “ताई, आपणच नाही म्हणायला सुचवायचं?” हो. ज्याला नाही म्हणायचंच आहे, तो तसंही उत्तर न देता तेच म्हणतोय. नकाराची वाट मोकळी दिसली की बाकीचे लोक निर्धास्तपणे खरं काय ते लिहितात.

‘तेव्हाच सांगायला हवी होती’ ही ओळ मुद्दाम ठेवली. नाही तर त्यांच्या कामातली चूक काढल्यासारखं झालं असतं. हा मेल क्वालिटीपर्यंत जाणार होता आणि पॅकिंगची पद्धत बहुधा त्यांच्याच कोणीतरी ठरवलेली असणार. सल्ला देताना तो वाचणाऱ्याला खाली मान घालावी लागू नये, एवढं बघा.

उत्तर शुक्रवारी आलं, मधला गुरुवार सुट्टीचा. “ट्रायल अजून नाही. क्वालिटीचे साहेब रजेवर होते. मेल त्यांना फॉरवर्ड केला आहे. सोमवारी त्यांना फोन करा,” आणि खाली नंबर. दोन आठवडे वाट पाहिलेली माहिती चार वाक्यांत मिळाली. पुढे ट्रायल झाली. दोन आठवडे ठेवल्यावर आमच्या पिशवीतले दहाही पार्ट स्वच्छ निघाले आणि नेहमीच्या पद्धतीतल्या दोनांवर ठिपके आले. ऑर्डर मिळाली, पण एकाच पार्टची. बाकीचे पार्ट ते तेलातच ठेवणार होते, कारण त्यांचा प्रवास जवळचा होता. त्यांचं बरोबर होतं.

दोन गोष्टी कधीच करू नका

पहिली, वाचल्याचा उल्लेख. ‘तुम्ही मेल उघडलेला दिसतोय’ किंवा ‘ब्लू टिक आली आहे’ असं लिहिलं की पाळत ठेवल्यासारखं वाटतं. शिवाय मेल उघडल्याची खूण भरवशाची नाही. अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमध्ये २०२१ पासून अशी सोय आहे की माणसाने मेल उघडला नाही तरी त्यातली चित्रं आधीच उतरवली जातात आणि पाठवणाऱ्याला तो उघडल्यासारखा दिसतो.

दुसरी, साहेबांना सीसीमध्ये घेणं. हे मी स्वतः केलं आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका कारखान्यातून उत्तर येईना, म्हणून मी परचेसच्या बाईंना मेल करताना प्लांट हेडना सीसीत घेतलं. तासाभरात बाईंचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. “तुमचा माझ्यावर भरवसा नव्हता, तर माझ्याकडे आलात कशाला?” एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे आमची फाइल खरोखर मंजुरीसाठी गेलेली होती. त्यानंतर दोन वर्षं त्या कारखान्यातून आम्हाला चौकशीही आली नाही. दुसऱ्या माणसाशी बोलायची गरज असेल तर परवानगी विचारा: “क्वालिटीशी मी थेट बोललो तर तुम्हाला चालेल का?” बहुतेक वेळा हो येतं, आणि सोबत नंबरही.

उत्तर आलंच नाही तर

दुसरा मेल पहिल्याच्या निम्मा असू द्या. त्यातही नवं काहीतरी हवं, एखाद्या ओळीचं चालेल. नवं काहीच नसेल तर सरळ लिहा की ट्रायलला मदत लागली तर आमचा माणूस अर्धा दिवस येऊन थांबेल, आणि तो खरंच पाठवा. तिसरा मेल थांबण्याचा:

> नमस्कार सर,
> व्हीसीआय बॅगचा विषय सध्या तुमच्याकडे पुढे गेलेला दिसत नाही, म्हणून मी यावर आता मेल करणार नाही. ट्रायलच्या बॅग तुमच्याकडेच राहू द्या. त्या कोरड्या, सावलीच्या जागी बंद ठेवल्या तर पुढेही वापरता येतील. पुन्हा गरज वाटली तर याच मेलला उत्तर द्या, कोटेशन त्या वेळच्या दराने नवीन देईन.

यात ‘शेवटची संधी’ नाही की ‘वाईट वाटलं’ नाही. आणि लिहिल्याप्रमाणे थांबायचं. महिन्याभराने ‘सर, सहज आठवण आली’ असा मेसेज टाकलात तर या मेलमधला शब्द न् शब्द खोटा ठरतो.

नकार आला तर त्याला त्याच दिवशी उत्तर द्या, दोनच ओळींत: “स्पष्ट कळवल्याबद्दल आभार. दर, ट्रायल की आणखी काही, कारण सांगता आलं तर मला उपयोग होईल. नाही सांगितलंत तरी हरकत नाही.” कारण आलं तर त्यावर वाद घालू नका. डायरीत ग्राहकाच्या नावापुढे त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा.